एकच जण बोलत राहिला, तर मध्ये कसं शिरायचं?



गुरुवारच्या वाचनानंतर अर्धा तास चर्चा ठेवायची, आणि त्यातली पंचवीस मिनिटं एकाच व्यक्तीने बोलायचं, हा अनुभव बऱ्याच घरगुती गटांत येतो. ती व्यक्ती बहुधा वयाने मोठी आणि मनाने चांगली. मग "आता पुरे" म्हणणार कोण? या वेळचा अभ्यास त्यावर आहे.

आधी, बोलण्याची पाळी बदलते कशी ते पाहू. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तीन अमेरिकन अभ्यासकांनी साध्या गप्पांची ध्वनिमुद्रणं बारकाईने ऐकून १९७४ साली त्याचे नियम मांडले. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होतं तिथे पाळी बदलू शकते. त्याने एखाद्याला उद्देशून विचारलं, तर पाळी त्याची. कुणालाच विचारलं नाही, तर जो आधी तोंड उघडेल त्याची. आणि कुणीच बोललं नाही, तर पहिल्यालाच पुढे चालू ठेवता येतं.

आपल्याकडे अडतं ते या शेवटच्या नियमावर. मोठ्यांचं होऊ दे, म्हणून आपण गप्प बसतो आणि आपल्या गप्प बसण्यानेच पाळी परत त्यांच्याकडे जाते. एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर साधारण सेकंदाचा पाचवा भाग असतं. आपण पदर सावरून घसा खाकरेपर्यंत त्यांचं "तर काय झालं..." सुरू! शिवाय मधूनमधून आपण "हं, हं" करतो. त्याचा अर्थ समोरच्याला "चालू द्या" असाच लागतो.

एक उदाहरण घेऊ. सुदामानगरातलं घर, नऊ माणसं. विषय होता शेजारधर्म. काका बोलता बोलता १९८४ साली राजवाडा जळाला तिथवर पोचले. (सांगतात मात्र छान, हे खरं.) घरच्या वहिनींनी आधी "हं" म्हणणं थांबवलं. मग काकांचा श्वास नाही, तर वाक्य कुठे संपतंय ते ऐकत राहिल्या. पाळी न सोडणारा माणूस वाक्याच्या शेवटी थांबतच नाही. तो "आणि म्हणून" म्हणून घाईने पुढचं वाक्य जोडतो आणि श्वास घेतो त्या वाक्याच्या मध्ये. श्वासाची वाट पाहिली, तर आपण त्याचं वाक्य तोडतो आणि उद्धट ठरतो. काकांचं शेवटचं क्रियापद येताच वहिनी किंचित पुढे झुकून म्हणाल्या, "काका, त्या दिवसांत शेजाऱ्यांनीच एकमेकांना सांभाळलं, हे तुम्ही बरोबर सांगितलंत. मावशी, तुमच्या गल्लीत तेव्हा काय झालं होतं?"

यात तीन गोष्टी एका दमात आल्या. काकांना हाक, त्यांचंच म्हणणं एका ओळीत, आणि दुसऱ्याला नाव घेऊन प्रश्न. आपलं पोचलं हे काकांना कळलं, म्हणून राग नाही. पाळी मावशींना मिळाली, म्हणून मध्ये पोकळी नाही. याच जागी "अजून कुणाला काही बोलायचंय का?" असं सगळ्यांना मिळून विचारलं असतं, तर सगळे एकमेकांकडे बघत बसले असते आणि काकांनीच पुढे सुरू केलं असतं. प्रश्न "हो-नाही"त संपणाराही नको. मावशी "नाही बाई" म्हणाल्या की संपलं. त्यांना आधी स्वयंपाकघरात सांगून ठेवलेलं बरं.

मावशींच्या दुसऱ्या वाक्यालाच काका परत शिरले. वहिनी म्हणाल्या, "काका, त्यांचं एवढं होऊ द्या, मग तुमच्याकडेच येते." आणि नंतर खरंच आल्या. हे पाळलं नाही, तर पुढच्या गुरुवारी काका पाळी सोडणार नाहीत.

आता एक कारण, जे घरात लवकर लक्षात येत नाही. ऐकू कमी आलं, तरी माणूस जास्त बोलतो. स्वतः बोलत असताना दुसऱ्याचं ऐकण्याची धडपड करावी लागत नाही ना! वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज जातात. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द उलगडत नाहीत. ओळखायचं कसं? एकट्याशी बोलताना ठीक, चारजणांत मात्र उत्तर भलतंच. टीव्ही मोठा. बोलणाऱ्याच्या ओठांकडे नजर. असं दिसलं, तर चर्चेपुरता कूलर बंद करा, त्यांची खुर्ची भिंतीला लावून सगळ्यांची तोंडं दिसतील अशी ठेवा, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एकदा तपासणी करून घ्या. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो.

ऐकू नीट येतं, पण आठवडाभर घरात बोलायला कुणी नाही, असेही काका-आजी असतात. त्यांच्यापुढे वहिनींची युक्ती दहा मिनिटं टिकते, फार नाही. गटातल्या एकाने रविवारी सकाळी त्यांच्याकडे पोहे खायला जावं आणि तिथे त्यांना मध्ये न थांबवता बोलू द्यावं.