लेबलावरचे युनिट, मीटरवरचे युनिट

एसीच्या स्टार लेबलावर वर्षाला लागणाऱ्या विजेचा एक आकडा छापलेला असतो. समजा दीड टनाच्या एका इन्व्हर्टर एसीवर तो 750 युनिट आहे. बरेच जण हा आपल्या वर्षभराच्या बिलाचा अंदाज समजतात, आणि मे महिन्याचं बिल हातात पडलं की लेबल खोटं आहे असा निष्कर्ष काढतात. माझ्या मते चूक लेबलाची नसते. तो आकडा आपल्या घराबद्दल बोलतच नसतो. तो एका ठरवून दिलेल्या, कागदावरच्या वर्षाबद्दल बोलतो, आणि त्या वर्षाच्या अटी माहीत नसतील तर एसीची निवड आणि खर्चाचा अंदाज दोन्ही फसतात.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, एसीसाठी हे वर्ष 1600 तासांचं धरलं आहे. बाहेरचं तापमान 24 ते 43 अंशांच्या दरम्यान कोणत्या अंशावर किती तास असेल, याचं एकच कोष्टक साऱ्या देशासाठी आहे. चंद्रपूरला आणि महाबळेश्वरला तेच लागू. प्रयोगशाळेत खोलीचं तापमान 27 अंश, हवेतली आर्द्रता सुमारे निम्मी आणि बाहेर 35 अंश ठेवून यंत्राची वीज पूर्ण व निम्म्या क्षमतेवर मोजतात. उरलेल्या तापमानांचा हिशेब सूत्राने मांडला जातो.

आता 750 ला 1600 ने भागून पाहा. तासाला अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज येते. याच एसीच्या मागच्या पट्टीवर मात्र पूर्ण क्षमतेला 1500 वॅट, म्हणजे तासाला दीड युनिट, असं लिहिलेलं असू शकतं. हे दोन्ही आकडे खरे आहेत. कोष्टकातले बहुतेक तास तिशीच्या आतबाहेरचे असतात. तेव्हा खोली थंड ठेवायला थोडंच काम पडतं आणि इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर हळू फिरतो. हळू फिरताना तो सर्वांत किफायतशीर असतो. थोडक्यात, हा एसी सरासरीने निम्म्याहून कमी भारावर चालेल असं त्या 750 मध्ये गृहीत आहे.

वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली हे गृहीतक कोसळतं. तिथे कॉम्प्रेसरला दम घ्यायला वावच मिळत नाही. कोकणपट्टीत दुसरी अडचण: दमट हवेतलं पाणी काढण्यातच एसीची बरीच क्षमता खर्ची पडते, आणि चाचणीतली खोली तेवढी दमट नसते. आउटडोअर बंदिस्त डक्टमध्ये कोंबला असेल तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. त्याच्यापुरतं बाहेरचं तापमान हवामान खात्याच्या आकड्याहून कितीतरी जास्त असतं. धुळीने भरलेली जाळी आणि 20 अंशांवर ठेवलेला रिमोटही चाचणीत नसतात.

यावर कोणी म्हणेल, मग लेबल हवंच कशाला? कारण सगळ्या यंत्रांना परीक्षा एकच आहे. सारख्या क्षमतेच्या दोन एसींत एकाचे 750 आणि दुसऱ्याचे 975 युनिट असतील, तर पहिला सरस, हे बहुतेक घरांत खरं ठरतं. तारे मात्र दगा देऊ शकतात. निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातले पाच तारे आजच्या पाचांइतके नसतात. म्हणून तुलना युनिटांची करावी.

दुसरा आक्षेप असा, की आपले तास मोजून त्या प्रमाणात आकडा घटवला की झालं. खरेदीचा ढोबळ निर्णय करायला हे पुरतं. वरच्या दोन एसींतला फरक 225 युनिटांचा. युनिटला 12 रुपये धरले तर 1600 तासांत 2700 रुपये वाचतात, पण फक्त उन्हाळ्यात 400 तास एसी लावणाऱ्या घरात साधारण 675. किमतीतला फरक 8000 असेल तर पहिल्या घरात तो तीन वर्षांत वसूल होईल, दुसऱ्यात बारा. बिलाच्या अंदाजाला मात्र हा हिशेब पुरत नाही, कारण उन्हाळ्याचे 400 तास हे कोष्टकातल्या सरासरी तासांसारखे नसतात. ते जास्त भाराचे असतात.

म्हणून दोन आकडे वाचावेत. खोली सावलीत असेल आणि एसी रोज, बराच काळ चालणार असेल, तर लेबलावरचे वार्षिक युनिट बघून निवडा. खोली तापणारी असेल तर मागच्या पट्टीवरची पूर्ण क्षमता तिथल्याच वॅटने भागा. 5000 वॅट क्षमतेला 1500 ने भागल्यावर 3.3 येतात. लेबलावरचं मोसमी कार्यक्षमतेचं गुणोत्तर 5 असलं, तरी भर दुपारी तुमच्या वाट्याला येणारा आकडा 3.3 च्याच आसपासचा. दोन एसींमध्ये या भागाकारात फारसा फरक नसेल, तर अशा खोलीत महागड्या एसीपेक्षा स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक लेप देण्यात पैसे घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.