थंडीच्या लाटेची रात्र : मुरुमच्या गल्लीसाठी कृती

मराठवाड्यात थंडी म्हटली की बातम्यांत परभणीचं नाव आधी येतं. डिसेंबर २०१८च्या अखेरीस तिथल्या कृषी विद्यापीठात पारा ३ अंशांच्या आसपास उतरला होता. उमरगा तालुक्यात थंडी सहसा इतकी टोकाला जात नाही, म्हणून मुरुमात कुणी तिची तयारी करत नाही. पण सपाट भागात रात्रीचं तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असलं, की हवामान खातं थंडीची लाट आली असं म्हणतं. म्हाताऱ्या माणसाचं अंग गारठायला तेवढी थंडी पुरते, अंथरूण ओलसर असेल तर त्याहून कमीही.

येळवशीच्या आगेमागे उत्तरेचा वारा सुटला, दिवसभर आभाळ निरभ्र राहिलं आणि सूर्य बुडताच हवा झपाट्याने गार झाली, तर ती रात्र कडक जाणार हे ओळखावं. खाली दिलेली कृती अशा एका रात्रीची आहे. दुपारपासून सुरुवात करायची आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत करायची.

दुपारी : कोण कुठे झोपतं ते पाहा

गल्लीत एकटं राहणारं म्हातारं माणूस कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, बाळंतीण कुठे आहे आणि उघड्यावर कोण झोपतं, एवढं एका कागदावर लिहा. मग त्यांची घरं पाहा. १९९३च्या भूकंपानंतर मातीच्या माळवदाची धास्ती बसली आणि या पट्ट्यात पत्र्याच्या खोल्या वाढल्या. भूकंपात पत्रा बरा, थंडीत मात्र तो बेभरवशाचा. माळवदाची जाड माती दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवते. पत्रा निरभ्र आभाळाखाली तासा-दोन तासांत गार पडतो, पहाटे त्याला आतून दव सुटतं आणि ते थेंब अंथरुणावर पडतात. एकट्या म्हाताऱ्या माणसाची पत्र्याची खोली कागदावर सगळ्यात वर लिहा.

ऊन आहे तोवर वाकळ, गोधडी, घोंगडी उन्हात टाका आणि सूर्य कलायच्या आत उचला. उशीर झाला की तीच वाकळ दव पिते.

तिन्हीसांजेला : अंथरूण खालून भरा

थंडी वाजली की आपण पांघरुणं वाढवतो आणि खालची बाजू तशीच राहते. विणलेल्या बाजेखालून गार हवा सारखी खेळत असते, आणि अंगाच्या वजनाने दबलेली गोधडी फार ऊब धरत नाही. म्हणून बाजेवर आधी कोरडी गोणपाटं किंवा पुठ्ठे, त्यावर घोंगडी आणि त्यावर वाकळ घाला. जमिनीवर झोपणाऱ्यासाठी चटईखाली कडब्याचा जाड थर द्या, मात्र त्या खोलीत चूल, दिवा किंवा बिडी नको.

बाज बाहेरच्या भिंतीपासून सरकवा. मच्छरदाणी असेल तर ती बांधून तिच्यावर चादर टाका आणि एक बाजू मोकळी ठेवा. आतली हवा माणसाच्या उबेनेच बरीच सुसह्य होते आणि पत्र्याचे थेंबही चादरीवर अडतात. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक चांगले. कानटोपी आणि पायमोजे हवेतच. तोंडावरून पांघरूण ओढू नये.

म्हातारी माणसं रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पिणं सोडतात. त्यांना माडगं किंवा दुसरं गरम काही प्यायला द्या. रात्री अंगणात जावं लागू नये म्हणून बाजेजवळ भांडं आणि बॅटरी ठेवा. रक्तदाबाची गोळी चुकली नाही ना, हे विचारा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो.

झोपण्याआधी : विस्तव बाहेर

या कृतीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. शेकोटी अंगणात पेटवतात तेव्हा धोका असतो तो ठिणगीचा आणि पदराचा. जीव जातो तो निखाऱ्याचं घमेलं किंवा शेगडी खोलीत घेऊन दार लावल्यावर. धूर थांबला म्हणजे विस्तव निरुपद्रवी झाला, अशी आपली समजूत असते. पण लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने ठसकाही लागत नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही, आणि जागा असला तरी आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. उठून कडी काढायची म्हटलं तरी जमत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदमच दुखू लागलं किंवा उलट्या सुरू झाल्या, तर जेवणाला दोष देत बसू नका. दार उघडून सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ला फोन करा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण रक्तातला वायू निघायला वेळ लागतो आणि त्यासाठी प्राणवायू द्यावा लागतो.

'थोडी खिडकी उघडी ठेवली तर?' असं लोक विचारतात. किती फट पुरेल याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही, त्यात वारा पडला की फटीचा उपयोगही संपतो. म्हणून नियम सरळ ठेवा : झोपायच्या खोलीत विस्तव नाही. स्वयंपाक त्याच खोलीत होत असेल तर निखारे बाहेर नेऊन पाण्याने विझवा. सकाळसाठी विस्तव राखेत झाकून ठेवायची जुनी पद्धत आहे. पूर्वी चूल मोकळ्या सोप्यात असे तेव्हा ते चालायचं. बंद खोलीत राखेखालचा विस्तव रात्रभर तोच वायू सोडत राहतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचंही असंच. हवा खेळायला झरोका नसेल तर बादली बाहेर भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळ करा.

विजेचा हीटर असेल तर तो जाड पिनेच्या, मोठ्या सॉकेटलाच लावा. साध्या एक्स्टेन्शन बोर्डाची वायर तापून वितळते. अंथरुणापासून तीन-चार फूट दूर ठेवा, वर कपडे वाळत घालू नका. झोपण्याआधी तासभर खोली तापवून बंद करा. हीटर नसेल त्याने गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून पोटाशी घ्यावी. पाणी उकळतं नको. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाच्या पायाशी ती ठेवू नका, भाजलेलं त्याला कळणार नाही.

रात्री दहाला : उघड्यावरची माणसं

एसटी स्टँड, देवळाची ओसरी आणि बंद दुकानांचे ओटे बघून या. दोघांनी जावं, बाई झोपलेली असेल तर सोबत बाई असावी. झोपेतल्या माणसाला हलवू नका. थोडं अंतर ठेवून 'अण्णा, थंडी लई हाय, चहा घेता का?' असं विचारा. उत्तर नीट आलं की निम्मी तपासणी झाली. आधी खाली घालायला पुठ्ठा किंवा गोणपाट द्या, मग पांघरूण. नुसतं ब्लँकेट दिलं तर फरशी अंगातली ऊब ओढतच राहते. आडोशाला किंवा समाजमंदिरात यायला तयार नसेल तर ओढाताण न करता सामान ठेवून या आणि पहाटे पुन्हा जा.

दारू प्यालेला माणूस 'झोपू दे त्याला' म्हणून सोडून देतात. दारूने कातडीकडे रक्त धावतं, म्हणून गरम वाटतं, पण आतली ऊब बाहेर निघून जाते आणि कुडकुडण्याची ताकदही कमी होते. त्याला आत हलवायलाच हवं.

गाळपाच्या दिवसांत ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांकडेही जा. पाचटाच्या कोपीत शेकोटी नको, ती बाहेर आणि वारा कोपीकडे नेणार नाही अशा बाजूला हवी. तान्हं बाळ गारठलं की रडत नाही, मलूल पडतं आणि दूध ओढत नाही. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांना पांघरा आणि लगेच दवाखाना गाठा.

पहाटे : दार वाजवा

सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या जरा आधी असतं, म्हणून पहिली फेरी तेव्हाच. समजा, पत्र्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या आजींचं दार तुम्ही वाजवलं. आजी दार उघडतात, पण कडी काढायला त्यांना वेळ लागतो. 'रात्री जेवलात का?' या प्रश्नावर शब्द ओढत, काहीतरी वेगळंच बोलतात. चालताना झोकांडी जाते. कुडकुडत नाहीत, थंडी वाजत नाही म्हणतात. इथेच फसायला होतं. कुडकुडणं चालू असतं तोवर शरीर झुंजत असतं. अंग गार असूनही ते थांबलं, तर परिस्थिती बिघडली आहे.

हात-पाय गार असण्यावरून काही ठरवू नका, ते थंडीत सगळ्यांचेच गार असतात. आपला हात आधी ऊब देऊन घ्या आणि आजींच्या पोटाला किंवा पाठीला कपड्याखालून लावा. तिथंही गार लागलं तर अंगाचं तापमान उतरलं आहे असं समजा. शरीर ३५ अंशांखाली, म्हणजे ९५ फॅरनहाइटखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. घरातला थर्मामीटर तापासाठी बनवलेला असतो. काचेच्या नळीत पारा तळाशीच राहील, डिजिटलवर नुसतं Lo दिसेल. ते यंत्र बिघडलं असं समजून बाजूला ठेवू नका.

आता क्रमाने हे करा :

१. १०८ला फोन लावा. 'मुरुम, अमुक गल्ली, अमुक खूण, म्हातारी बाई, अंग गार, बोलणं अडखळतंय' एवढं सांगा.

२. आजींना चालवू नका. अलगद आडवं करा. फार गारठलेलं शरीर हिसक्याने हललं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

३. ओले कपडे काढा, गरज पडली तर कापा. कोरडे घाला, खाली-वर पांघरुणं द्या, डोकं झाका.

४. ऊब छाती, मान आणि काखेला द्या. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी चालेल, नाहीतर घरातल्या बाईने पांघरुणात शेजारी झोपावं. हात-पाय चोळू नका, शेकू नका, शेकोटीजवळ नेऊ नका, गरम पाण्याने आंघोळ घालू नका. हातापायांतलं गार रक्त एकदम आत आलं तर हृदयावर ताण येतो.

५. पूर्ण जाग असेल आणि गिळता येत असेल तरच गोड, कोमट चहा घोट घोट द्या. गुंगी असेल तर तोंडात काही घालू नका.

बेशुद्ध माणसाचा श्वास चालू आहे का, हे पूर्ण एक मिनिट पाहा, कारण गारठ्यात तो फार मंद होतो. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. गार पडलेला माणूस मेलाच असं घरच्यांनी ठरवू नये, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

एका बाजूचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा छातीत दाटून आलं, तर ते निव्वळ गारठणं नव्हे. कडक थंडीत झटका आणि पक्षाघात दोन्हींचा धोका वाढतो. तेव्हा ऊब देण्यात वेळ घालवू नका, उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघायची तयारी करा.

लाट सहसा एका रात्रीत ओसरत नाही, म्हणून कागद फाडू नका. एकट्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो क्रमांक १०८च्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या दारामागे लावा. आणि आजच संध्याकाळी ठरवा, पहाटे कुणी कुणाचं दार वाजवायचं.