परिचयात आठवण कशी गुंफावी?

प्रश्न : परळच्या शाळेत ५ सप्टेंबरला पुरस्कारविजेत्या गणिताच्या बाईंचा परिचय माजी विद्यार्थिनीने करून द्यायचा आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : पदव्या आणि सेवेची वर्षे निवेदकाकडे सोपवावीत. विद्यार्थिनीने वर्गातला एकच प्रसंग घ्यावा आणि बाईंनी नेमके काय केले ते सांगावे. ‘बाई फार प्रेमळ होत्या’ हे कुठल्याही बाईंना लागू पडते. त्याऐवजी : ‘भागाकार चुकला, की बाई उत्तर खोडत नसत. जिथे चुकले त्या पायरीखाली पेन्सिलीने रेघ ओढत आणि वही परत देत. चूक आम्हीच शोधायचो.’ इथे शिकवण्याची पद्धतच दिसते. पुरस्कार कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

एकाच प्रसंगातून गुरुजी कसे दिसतात, याचे एक उदाहरण : चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा शाळकरी भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, केळुसकर गुरुजींच्या नजरेत भरला. पुढे त्याच्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे लिहूनही ठेवली. गुरुजी डोळ्यांपुढे उभे राहतात ते त्या पुस्तकामुळे.

आठवण बाईंना आधी वाचून दाखवावी. तपशील चुकला असेल तर तेव्हाच कळतो. दुसऱ्या मुलाची फजिती त्यात असेल, तर त्याचे नाव गाळावे. परिचयात आठवणीनंतर पुरस्काराचे पूर्ण नाव, वर्ष आणि शेवटी बाईंचे नाव यावे.