उष्णता नव्हे, ते घोसाळं!

पावसाळा लागला की खारघरच्या माझ्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, अंगावर उष्णता उठलीय." मागच्या जुलैत आलेल्या एका ताईंच्या मांड्यांवर पुवाची टोकं असलेल्या लाल पुळ्या होत्या आणि प्रत्येकीच्या मधोमध एक केस. आंघोळीची चौकशी केली. गावाहून आणलेलं वाळकं घोसाळं, सात महिने तेच. बाथरूमला खिडकी नाही, नुसता डक्ट. घोसाळं नळाला लटकलेलं, दिवसभर ओलं. पुळ्या आल्यावर ताईंनी आणखी जोरात घासलं, वर मेडिकलमधून आणलेली ट्यूब चोळली. ट्यूबमध्ये स्टिरॉइड! आग विझवायला रॉकेल.

ती उष्णता नव्हती, केसांच्या मुळांना झालेला जंतुसंसर्ग होता.

"पण त्याला रोज साबण लागतोच की!" हा समज काही केल्या जात नाही. साबणाने अंग स्वच्छ होतं, घासणी नाही. अंगाची सुटलेली कातडी तिच्या जाळीत अडकते आणि ओलाव्यात जंतू वाढतात. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 1993 मध्ये असाच एक रुग्ण नोंदवला. त्यांनी निर्जंतुक केलेल्या, न वापरलेल्या घोसाळ्यावरही हे जंतू वाढवून पाहिले. वाढले! म्हणजे त्यांना तुमचा मळसुद्धा लागत नाही, घोसाळ्याचे धागे पुरतात.

म्हणून घोसाळं तीन-चार आठवड्यांनी टाका, प्लास्टिकच्या जाळीचा पफ दोन महिन्यांनी. वास आला किंवा काळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी. रोज पिळून, झटकून बाथरूमबाहेर वाळवा. मायक्रोवेव्ह, व्हिनेगर वगैरे मोबाइलवरचे प्रयोग कशाला? नवा पफ वडापावच्या दोन प्लेटींत येतो. दाढी किंवा वॅक्सिंगनंतर दोन-तीन दिवस घासणी नको, आणि ती घरात एकमेकांची तर कधीच नको.

खरखरीत हातमोजे धुवायला सोपे, पण सर्वांत बोचरे. धडधाकट त्वचेला आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने. एक्झिमा, सोरायसिस, मधुमेह असेल, किंवा लहान मूल वा पातळ कातडीचे आजी-आजोबा असतील, तर यातलं काहीच नको. साबण हाताने लावा, फार तर जुन्या पंच्याचा मऊ तुकडा घ्या, रोज धुऊन वाळवलेला. पाठीवर, दंडावर पडलेले काळे पट्टे मळ समजून घासणाऱ्यांनो, बऱ्याचदा ते घासण्यानेच आलेले असतात. हात थांबवा, रंग महिनोन्‌महिन्यांनी का होईना, फिका पडतो.

अशा साध्या पुळ्या घासणं थांबवल्यावर आठ-दहा दिवसांत सहसा आपोआप बसतात, घाबरू नका. पण ताप आला, लाली पसरून जागा गरम झाली, मोठी दुखरी गाठ आली किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी या. मेडिकलच्या काउंटरवर थांबू नका.

ताई बऱ्या झाल्या. घोसाळं टाकलं का विचारलं, तर म्हणाल्या, "टाकायचं कशाला? भांडी घासायला ठेवलंय."