गुणगान नको, वाट दाखवा : एका कॅटलॉगच्या प्रस्तावनेची साफसफाई

व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण जाहिरात, निवेदन, माहितीपत्रक असे प्रकार शिकतो. छापील कॅटलॉगची प्रस्तावना मात्र अभ्यासक्रमात कुठेच भेटत नाही. दुकानदार ती छापखान्यात बसून घाईघाईने लिहितो आणि गिऱ्हाईक ती न वाचताच पान उलटतं. डिचोलीतल्या पितळी समयांच्या एका दुकानाचा नवा कॅटलॉग तयार होत होता, तेव्हा त्यातलं मराठी तपासायचं काम माझ्याकडे आलं. डिचोलीच्या पितळी दिव्यांना गोव्यात नाव आहे, त्यामुळे माल चांगलाच होता. प्रस्तावनेचं तसं नव्हतं. ती कशी सुधारली, ते इथे टप्प्याटप्प्याने मांडते. दुकानाचं नाव देत नाही आणि मूळ मजकुरातली ओळख पटणारी वाक्यं गाळली आहेत.

मूळ प्रस्तावना अशी होती :

“देवीच्या कृपेने व आपणासारख्या चोखंदळ ग्राहकांच्या आशीर्वादाने आमची पेढी पितळी कलाकुसरीच्या क्षेत्रात सदैव अग्रेसर राहिली आहे. दर्जा, सचोटी आणि विनम्र सेवा ही आमची त्रिसूत्री. आमच्या कुशल कारागिरांनी घडवलेली प्रत्येक वस्तू म्हणजे कलेचा अप्रतिम नमुनाच होय. परंपरा आणि आधुनिकता यांचा सुरेख संगम साधत आम्ही देशविदेशांतील असंख्य ग्राहकांची मने जिंकली आहेत. जुन्या वस्तूंची दुरुस्तीही माफक दरात केली जाते. ग्राहकांचा संतोष हेच आमचे खरे भांडवल. एकदा अवश्य भेट द्या!”

भाषा शुद्ध आहे आणि व्याकरणाची एकही चूक नाही. आता एक सोपी कसोटी लावून पाहा. ‘पितळी कलाकुसरीच्या’ हे शब्द काढा आणि तिथे ‘मिठाईच्या’ किंवा ‘फर्निचरच्या’ घाला. दुरुस्तीचं वाक्य सोडलं तर सगळा परिच्छेद तसाच चालतो. म्हणजे हा मजकूर समयांबद्दल काहीच सांगत नाही, आणि पुढच्या सोळा पानांत काय आहे तेही सांगत नाही.

पहिला टप्पा : प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न

सातही वाक्यं मी वेगवेगळ्या ओळींवर लिहिली आणि प्रत्येकासमोर विचारलं : हे वाचून गिऱ्हाईक पुढे काय करील? कुठलं पान उघडील, काय निवडील, काय विचारील? उत्तर मिळालं तर ‘ठेवा’. उत्तर नाही, पण वाक्यात एखादी खरी गोष्ट दडलेली वाटली तर ‘खणा’. दोन्ही नसेल तर ‘काढा’.

पहिलं, दुसरं आणि सहावं वाक्य ‘काढा’मध्ये गेलं. पाचवं, म्हणजे दुरुस्तीचं, ‘ठेवा’मध्ये आलं, कारण जुनी समई घेऊन येणाऱ्याला ते वाचून काय करायचं ते कळतं. त्यातला ‘माफक’ शब्द तेवढा गेला. माफक कोणाच्या हिशेबाने, ते कोणीच सांगू शकत नाही. सातव्या वाक्यातल्या भेटीला पत्ता आणि दुकानाची वेळ लागते. ती माहिती मागच्या कव्हरावर होतीच.

तिसरं आणि चौथं वाक्य ‘खणा’मध्ये होतं, आणि खरी मजा तिथेच आली. ‘कुशल कारागिरांनी घडवलेली’ म्हणजे कोणी, कुठे, असं दुकानमालक काकांना विचारलं. ते म्हणाले, “ओतीव समया आमच्याच शाळेत होतात बाये. तांब्याची भांडी आणि पत्र्याचा माल बाहेरून येतो.” शाळा म्हणजे त्यांची कारखान्याची शेड. ही माहिती गिऱ्हाइकाच्या कामाची आहे. ओतीव समई जड असते आणि नीट राखली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पत्र्याची हलकी आणि स्वस्त असते, पण आदळली की तिला पोचा येतो. ‘परंपरा आणि आधुनिकता’ खणल्यावर कळलं की काही दिव्यांत विजेचा बल्ब बसतो. ‘देशविदेश’ खणल्यावर कळलं की समईचे भाग आट्यांवर फिरवून सुटे करता येतात, म्हणून ती प्रवासात नेता येते. पेडण्यात मोपाचा विमानतळ झाल्यापासून सामानातलं वजन विचारणारी गिऱ्हाइकं येतात, असंही काका म्हणाले.

फुगलेल्या वाक्यांत असे खरे दाणे बरेचदा असतात. म्हणून सगळा परिच्छेद एकदम खोडून टाकू नये.

दुसरा टप्पा : गिऱ्हाइकाचे प्रश्न

दोन सकाळी दुकानात बसून लोक काय विचारतात ते मी लिहून घेतलं. ‘तुमची पेढी केव्हाची?’ असं कोणी विचारलं नाही. वारंवार आलेले प्रश्न तीन : हा भाव जोडीचा की एका नगाचा? वजन किती? उंची कुठून कुठपर्यंत मोजली?

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं सांगायला हवं. समईला खाली बैठक, मध्ये खांब, वर वाती ठेवायची तबकडी आणि तिच्यावर शिखर असतं. शिखरावर पुष्कळदा मोर किंवा हंस असतो. कॅटलॉगमध्ये ‘उंची २४ इंच’ एवढंच छापलं होतं, आणि ती शिखरासकट होती. पेडण्याहून आलेल्या एका गृहस्थांना देवळासाठी जोडी हवी होती. त्यांना हवी होती ज्योतीची उंची, म्हणजे तबकडीपर्यंतचं माप. दोन्हींत काही इंचांचा फरक पडतो, आणि कोनाड्यात ठेवायच्या समईला तेवढा फरक पुरेसा असतो. म्हणून उंची कशी मोजली आहे हे प्रस्तावनेत एकदा सांगितलं, की प्रत्येक चित्राखाली पुन्हा लिहावं लागत नाही.

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट इथे आठवते. १९०३ साली पहिला नांगर तयार झाला, पण लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांना भीती वाटत होती, आणि तो खपायला बराच काळ लागला, असं सांगितलं जातं. कारखान्याचं कितीही कौतुक छापलं असतं तरी त्या शंकेचं निरसन झालं नसतं.

तिसरा टप्पा : विभागांची नावं

प्रस्तावनेतून वाट दाखवायची तर मुळात वाटांना नीट नावं हवीत. या कॅटलॉगमध्ये समयांचे दोन विभाग होते, ‘रॉयल’ आणि ‘क्लासिक’. काकांना विचारलं तेव्हा कळलं की रॉयल म्हणजे ओतीव आणि क्लासिक म्हणजे पत्र्याच्या. मग तेच शब्द मथळ्यात घेतले. मेणबत्तीच्या स्टँडांना ‘दीपस्तंभ’ म्हटलं होतं. घरातल्या आल्तारासाठी स्टँड शोधणारी माणसं ‘दीपस्तंभ’ शब्दाकडे वळणारच नाहीत. तिथे सरळ ‘मेणबत्तीचे स्टँड’ केलं. प्रस्तावनेत एक नाव आणि पानावर दुसरं, असं झालं की वाचणारा भरकटतो. म्हणून दोन्हीकडे अक्षरशः तोच शब्द ठेवला.

विभागांची नावं बदलायची दुकानदाराची तयारी नसेल, तर प्रस्तावना कितीही चांगली लिहा, तिचा उपयोग अर्धाच होतो.

चौथा टप्पा : नवी प्रस्तावना

क्रम पानांचाच ठेवला, पण प्रत्येक वाक्याची सुरुवात गिऱ्हाइकाच्या गरजेपासून केली :

“हा कॅटलॉग कसा पाहावा

देवघरासाठी किंवा देवळासाठी समई हवी असल्यास पान २ ते ५ पाहा. पान २–३ वर ओतीव समया आहेत. या जड असून आमच्या कारखान्यात बनतात. पान ४–५ वर पत्र्याच्या हलक्या समया आहेत. दोन्हीकडे लहान समई आधी, मोठी नंतर. रोजच्या आरतीची निरांजने व पंचारत्या पान ६–७ वर आणि टांगायचे लामणदिवे पान ८–९ वर आहेत. ताम्हण, पळी, तांब्या अशी पूजेची भांडी पान १० ते १२ वर, मेणबत्तीचे स्टँड पान १३–१४ वर आणि विजेचे दिवे पान १५ वर मिळतील. जुन्या वस्तूंची दुरुस्ती व पॉलिश यांची माहिती पान १६ वर आहे.

समयांचा भाव जोडीचा आहे, इतर वस्तूंचा एका नगाचा. उंचीचे दोन आकडे दिले आहेत : पहिला शिखरासकट, दुसरा तबकडीपर्यंत. समया सुट्या करून नेता येतात. पितळेचा दर बदलत असल्याने भाव वेगळ्या दरपत्रकात दिले आहेत; मागणी करताना चित्राखालचा क्रमांक सांगावा.”

काकांनी वाचलं आणि पहिला प्रश्न केला, “बाये, आमचं नाव खंय गेलं?” प्रश्न रास्त होता. नाव कव्हरावर ठळक आहे, हे त्यांना दाखवलं. पेढीचा इतिहास मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला चार ओळींत घेतला. माल आवडलेला माणूस तिथपर्यंत येतो आणि तेव्हा त्याला इतिहास वाचावासा वाटतो. देवीचं स्मरण त्यांनी कव्हरावर सर्वांत वर ठेवलं. ते त्यांच्या श्रद्धेचं होतं, त्याला मी हात लावला नाही.

पाचवा टप्पा : तपासणी

कच्ची प्रत मी दुकानाशी संबंध नसलेल्या दोघींना दिली आणि तीन कामं सांगितली : टांगायचा दिवा शोधा, एका समईची ज्योत किती उंचीवर येईल ते सांगा, आणि जुना तांब्या कल्हईला देता येईल का ते पाहा. पहिली दोन कामं दोघींनी झटकन केली. तिसऱ्यावर दोघी अडल्या. पान १६ वर दुरुस्ती आणि पॉलिश होतं, पण कल्हईचा उल्लेखच नव्हता. काकांना विचारलं तर कल्हई ते करत नाहीत. मग पान १६ वर ‘कल्हई केली जात नाही’ असं वाक्य घातलं. गिऱ्हाइकाची एक खेप वाचवणारी अशी नकाराची वाक्यं गौरवाच्या मजकुरात कधीच सापडत नाहीत.

शेवटची काळजी पानांच्या आकड्यांची. मध्ये पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असतात. एखादं चित्र वाढलं की छापखान्यातला माणूस मजकूर सरकवून सोळा पानांत बसवतो, आणि प्रस्तावनेतले सगळे आकडे चुकू शकतात. म्हणून कच्च्या प्रतीत आकड्यांच्या जागी मी फुल्या ठेवल्या होत्या. शेवटचं प्रूफ हातात आल्यावर एकेक विभाग उघडून आकडा भरला, आणि मगच ‘छापा’ म्हणून सही झाली.