काशीला निघालेला पुंडलिक आणि मित्राला द्यायचा निरोप



आजच्या चिंतनाला पुंडलिकाची कथा घेतोय. विटेचा प्रसंग आपल्याला पाठ असतो, पण त्याआधीचा भाग मात्र सुटतो. तो भाग आहे यात्रेचा.

पुंडलिक बायकोसोबत काशीला निघाला होता. आईवडील, जानुदेव आणि सत्यवती, हेही सोबत होते. पण हे दोघं घोड्यावर आणि म्हातारी माणसं पायी! वाटेत कुक्कुटमुनींच्या आश्रमात मुक्काम पडला. पहाटे पुंडलिकाला मळकट वस्त्रांतल्या स्त्रिया आत जाताना दिसल्या. सडासंमार्जन करून त्या बाहेर आल्या, तेव्हा उजळलेल्या होत्या. त्या गंगा, यमुना, सरस्वती. लोकांनी धुतलेली पापं त्या इथे येऊन उतरवत होत्या, कारण हे मुनी कधी काशीला गेले नव्हते, आईवडिलांच्या सेवेत होते. पुंडलिक तिथूनच बदलला.

म्हणजे आईवडील बरोबर असणं एवढंच पुरेसं नाही. प्रश्न वेग कोणाचा, हा आहे.

माझा एक मित्र आज रात्री संभाजीनगरहून आईवडिलांना घेऊन काशीला निघतोय. काकांचे गुडघे दुखतात. काशीत घाटांच्या पायऱ्या उंच आहेत आणि गल्ल्यांत गाडी जात नाही. थकलो असं ही पिढी तोंडाने म्हणत नाही. भिंतीला हात लावून चालतात, मागे पडतात, आणि मग म्हणतात, "तुम्ही या जाऊन, आम्ही इथेच बसतो." ते वाक्य ऐकलं की आपणही बसायचं.

म्हणून संध्याकाळी घरी जाईन तेव्हा आधी काका-काकूंना नमस्कार करीन. यात्रा त्यांची आहे. काकू त्याच्या हातावर दही ठेवतील. "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं, हे त्याला सांगावं लागणार नाही. साडी आण, प्रसाद आण, अशी यादी मी देणार नाही. प्रत्येक यादी म्हणजे दुकानापर्यंत एक जादा फेरी, आणि ती काकांच्या विश्रांतीतून जाते.

निरोप एवढाच देईन:

"काका, काकू, सावकाश जाऊन या. विश्वनाथाला आमचाही नमस्कार सांगा. आल्यावर मावंद्याला वाढायला मी येतो, गंगेच्या गडूची पूजा बघायचीय. आणि तू रे, दोन ठिकाणं राहिली तर राहू दे. त्यांच्या पावलांनी चाल."

विटेवर उभा राहून देवही थांबला होता, पुंडलिकाची सेवा पूर्ण होईपर्यंत. मग दर्शनाची घाई आपल्याला कशाला?

आजचा संकल्प: ओळखीतलं कोणी आईवडिलांना घेऊन निघत असेल, तर पहिला फोन त्या आईवडिलांना करायचा.

पांडुरंग हरी 🙏