दूध विरजतं, दूध नासतंही

प्रश्न : सातवीतल्या माझ्या मुलीला शाळेच्या विज्ञान दिनाला ‘आपल्या अवतीभवतीचे सूक्ष्मजीव : उपकारक आणि अपायकारक’ यावर पाच मिनिटं बोलायचं आहे. तिने यादी पाठ केली आहे. एकीकडे दही, इडली, पेनिसिलिन. दुसरीकडे कॉलरा, विषमज्वर, क्षय. काल मध्येच थांबून तिने विचारलं, ‘‘आई, विरजणातही जिवाणू आणि नासक्या दुधातही जिवाणूच. मग एकाच दुधाचं कधी दही होतं आणि कधी वाटोळं, हे ठरवतं कोण?’’ मला सांगता आलं नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : यादी बाजूला ठेवा. तिने विचारलेला प्रश्न हेच तिचं भाषण आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या ओट्यावरच घडतं.

दूध उकळलं की त्यातले बहुतेक जिवाणू मरतात. रोगजंतू मरतात, तसे दूध आंबवणारे गरीब बिचारेही मरतात. पण काही जिवाणू वेळ वाईट आली की स्वतःभोवती टणक कवच करून झोपी जातात. त्यांना बीजाणू म्हणतात. घरच्या उकळीला, म्हणजे साधारण १०० अंशांना, यातले पुष्कळ पुरून उरतात. बॅसिलस सेरियस हा त्यातला नेहमीचा. म्हणजे उकळून निवलेलं दूध हे नांगरून मोकळं सोडलेलं शेत आहे. साखर आहे, प्रथिनं आहेत, पाणी आहे, ऊब आहे आणि मालक कोणीच नाही. आता पेरणी तुम्ही केलीत तर पीक तुमचं, नाहीतर तण आहेच.

विरजण ही ती पेरणी. चांगल्या दह्याच्या अर्ध्या चमच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. दूध चाळिशीच्या थोडं वर, म्हणजे बोट घातलं तर ऊन लागेल पण चटका बसणार नाही इतकं असेल, तर ते अर्ध्या तासात दुप्पट होतात असं धरू. सहा तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ४०९६. वाढताना ते दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. ताज्या दुधाचा सामू ६.७ च्या आसपास असतो. तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन नावाच्या प्रथिनाचे तरंगणारे कण एकमेकांना चिकटून जाळं धरतात आणि पाणी त्या जाळ्यात अडकतं. आपण म्हणतो, दही लागलं. त्या आंबट दुधात बॅसिलस आणि त्याचे बहुतेक भाऊबंद वाढू शकत नाहीत. विरजणातल्या जिवाणूंना आपल्याशी काही देणंघेणं नाही. ते प्रतिस्पर्ध्यांची वाट बंद करतात, आणि त्यात आपलं फावतं.

विरजण घातलंच नाही तर? बीजाणू जागे होतात. हवेतून, झाकणावरून, ओल्या डावावरून आणखी कोणी येतात. बॅसिलसला आम्ल करण्यापेक्षा प्रथिनं तोडण्यात जास्त रस. म्हणून असं दूध पुष्कळदा आंबट न होताच फाटतं आणि कडवट लागतं. आंबट वास म्हणजे आम्ल करणारे जिंकले, कडू किंवा कुबट म्हणजे प्रथिनं तोडणारे. मराठीने हा फरक केव्हाच ओळखला : दूध विरजतं आणि दूध नासतं, अशी दोन वेगळी क्रियापदं केली. (उत्साहावर ‘विरजण पडतं’ असं म्हणून त्याच मराठीने उपकारकर्त्याची बदनामीही केली, ही गोष्ट वेगळी.)

चांगले आणि वाईट ही दोन वेगळी घराणीही नव्हेत. दही लावणाऱ्यांपैकी एक आहे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. त्याचाच चुलत भाऊ स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनस घसा सुजवतो आणि काही मुलांमध्ये पुढे संधिवाताच्या तापापर्यंत नेतो. आडनाव एक, धंदे निराळे.

एका गैरसमजावर मात्र मुलीने स्पष्ट बोलावं. ‘दूध जरा बिघडल्यासारखं वाटतंय, पण पुन्हा उकळलं की चालेल’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. चालत नाही. निरोगी माणसांपैकी सुमारे एकतृतीयांशांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस राहतो. नाक पुसलेल्या हातातून तो दुधात, खव्यात, बासुंदीत उतरतो आणि उबेत तासन्‌तास राहिला की विष तयार करतो. उकळल्यावर जिवाणू मरतो, विष तसंच राहतं. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. तसंच दही म्हणजे सगळं निर्धोक असंही नाही. कच्च्या दुधाला विरजण लावलं, तर त्या दुधातले क्षयाचे किंवा ब्रुसेलोसिसचे जंतू दह्यात काही दिवस तग धरू शकतात. म्हणून आधी उकळणं आणि मग विरजणं, हा क्रम.

भाषणाला एक प्रयोग जोडा. आदल्या रात्री दूध उकळून कोमट करा आणि दोन स्वच्छ काचेच्या पेल्यांत ओता. एकात अर्धा चमचा दही ढवळा, दुसऱ्यात काही नको. दोन्ही झाकून उबदार जागी ठेवा. सकाळी पहिला पेला तिरका केला तरी सांडणार नाही. दुसरा दुधासारखाच दिसेल, किंवा एव्हाना बिघडायला लागला असेल. काय होईल हे आधी सांगता येत नाही, आणि तिने नेमकं तेच सांगायचं. जास्वंदीच्या चार-पाच पाकळ्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी बरोबर न्या. त्यात दह्यावरची निवळी घातली की पाणी लख्ख गुलाबी होतं. आम्ल झालंय हे शेवटच्या रांगेलाही दिसेल. दही लागलंच नाही तर घाबरू नका. दूध फार गरम असताना विरजण घातलं की जिवाणू भाजून मरतात, फार गार असेल तर सुस्तावतात. आणि गायीला प्रतिजैविक देऊन लगेच काढलेलं दूध असेल, तर ते औषध विरजणालाही मारतं.

तिने सुरुवात अशी करावी :

‘‘माझ्या हातात दोन पेले आहेत. दूध एकाच पातेल्यातलं. यात मी काल रात्री अर्धा चमचा दही घातलं, त्यात काही घातलं नाही. बघा, हा पालथा करायला आलाय तरी सांडत नाही. रात्रभर यात शर्यत चालली होती. मी ज्यांना आधी सोडलं ते जिंकले, कारण त्यांनी दूध इतकं आंबट केलं की बाकीच्यांना राहता येईना. त्या पेल्यात मी कोणालाच सोडलं नाही. पण म्हणून तो रिकामा नाही. तिथे कोण आहे ते मला माहीत नाही, म्हणून मी तो पिणार नाही.’’

यानंतर तिने जास्वंदीचं पाणी दाखवावं, पुन्हा उकळण्याची गोष्ट सांगावी आणि खाली बसावं. पाच मिनिटं होतात.

दुसरा पेला कोणालाही चाखू देऊ नका, गमतीनेही नाही. कार्यक्रम संपला की मोरीत ओता, पेला साबणाने घासून वर उकळतं पाणी घाला. पहिल्यातलंही तेवढा वेळ स्टेजवर उघडं राहिलेलं असेल, तेव्हा ते झाडाला घाला आणि जेवायला घरचं दही घ्या.